क्रोएशियाच्या फेरीबोटीचं बुकिंग: गाडी, केबिन आणि रिटर्न निवडताना या चुका टाळा

जर्मनीत राहणारे आपले बरेच लोक उन्हाळ्यात गाडी काढून क्रोएशियाला जातात, आणि मग बुकिंगच्या स्क्रीनवर येऊन अडकतात. आम्ही पण अडकलो होतो. दोघं नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी, पुण्याहून आलेली आई आणि एक लांबडी व्हॅन. प्लॅन असा होता की इटलीतल्या अंकोनाहून रात्रीच्या बोटीने स्प्लिटला उतरायचं, तिथून ह्वार बेटावर चार दिवस, मग दुब्रोव्निक, आणि शेवटी झाग्रेबमार्गे रस्त्याने घरी. या एकाच ट्रिपमध्ये रिटर्न, गाडी आणि केबिन या तिन्ही ठिकाणी चुका करायला भरपूर वाव आहे, म्हणून तीच उदाहरण म्हणून घेतो.

रिटर्नचं बटण दिसलं की लगेच दाबू नका

स्क्रीन सगळ्यात आधी विचारते वन वे की रिटर्न. आपल्याला एसटीपासून सवय आहे की जायचं तिथूनच परत यायचं, त्यामुळे हात आपोआप रिटर्नवर जातो. पण रिटर्न म्हणजे तीच दोन बंदरं, फक्त उलट्या दिशेने, आणि बेटावर गाडी घेऊन जाणाऱ्याला ते बऱ्याचदा सोयीचं नसतंच.

ह्वारचंच बघा. हे बेट लांबट आणि चिंचोळं आहे. स्प्लिटहून गाड्यांची बोट साधारण दोन तासांत स्तारी ग्राद या बंदराला लागते, पण बेटाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला सुचुराय नावाचं दुसरं बंदर आहे, तिथून समोरच्या किनाऱ्यावरच्या द्र्वेनिकला अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. आम्हाला पुढे दक्षिणेला दुब्रोव्निकला जायचं होतं, म्हणजे परत स्प्लिटला येणं हा निव्वळ उलटा प्रवास झाला असता. त्यामुळे इथे बरोबर उत्तर म्हणजे दोन वेगवेगळी वन वे तिकिटं, एक स्प्लिट ते स्तारी ग्राद आणि दुसरं सुचुराय ते द्र्वेनिक. फक्त एक लक्षात ठेवा, ह्वार शहरापासून सुचुरायपर्यंतचा रस्ता ७५-८० किलोमीटरचा, वळणावळणाचा आणि पुढे बराच अरुंद आहे, मॅपवर दिसतो त्यापेक्षा जास्त वेळ धरा, मागच्या सीटवर कुणाला गाडी लागत असेल तर अजून जास्त. आणि ज्यांना ह्वारहून थेट उत्तरेकडे घरी जायचंय त्यांनी हा उद्योग करू नये, त्यांच्यासाठी स्प्लिटचं साधं रिटर्नच बरं.

द्र्वेनिकची अजून एक गंमत आहे. बंदरांच्या यादीत Drvenik आणि Drvenik Veli, Drvenik Mali अशी नावं दिसतात. शेवटची दोन ही त्रोगीरजवळची छोटी बेटं आहेत, त्यांचा मकार्स्काच्या खालच्या किनाऱ्यावरच्या द्र्वेनिक गावाशी काही संबंध नाही. घाईत चुकीचं नाव निवडलं की समोर सुचुराय दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं की त्या दिवशी बोटच नाहीये. तसं झालं तर तारीख बदलत बसण्याआधी बंदराचं नाव परत वाचा.

अंकोना-स्प्लिटलाही आम्हाला रिटर्न नकोच होतं, पण ज्यांना हवंय त्यांनी तारखेकडे नीट बघावं. ही रात्रीची बोट आहे, साधारण अकरा तासांची, संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. स्क्रीनवर निवडता ती सुटण्याची तारीख असते. १४ तारखेला निघालात तर बेटावरचं हॉटेल १५ पासून लागतं. माझ्या बायकोने हे पकडलं नसतं तर मी एका रात्रीचे पैसे कुठल्यातरी रिकाम्या खोलीला दिले असते.

गाडीचा ऑप्शनच दिसत नसेल तर

ही तक्रार फार वेळा ऐकतो. स्प्लिट ते ह्वार टाकलं, प्रवासी टाकले, पण गाडी टाकायला जागाच नाही, वेबसाइट बिघडली की काय. वेबसाइट ठीक असते, तुम्ही कॅटामरान निवडलेली असते. ही वेगवान बोट फक्त माणसं नेते आणि थेट ह्वार शहराच्या धक्क्याला लागते. गाड्या नेणाऱ्या बोटीला तिकडे trajekt म्हणतात, रस्त्यावरच्या पाट्यांवरही हाच शब्द दिसेल, आणि ती स्तारी ग्रादला लागते, तिथून ह्वार शहर साधारण २० किलोमीटर. म्हणजे यादीत Hvar न निवडता Stari Grad निवडा, की गाडीचा रकाना आपोआप उगवतो. कोर्चुला बेटाचंही असंच आहे, गाड्यांची बोट ओरेबिचहून सुटते आणि दोमिंचेला लागते, कोर्चुला नाव शोधत बसलात तर कॅटामरानच्याच वेळा समोर येत राहतील.

आता लांबी. गाडी निवडताना ड्रॉपडाऊनमध्ये लांबीचे गट असतात आणि आतल्या लाईनवर, म्हणजे क्रोएशियाचा किनारा आणि बेटं यांच्यात धावणाऱ्या बोटींवर, साध्या कारची रेषा ५ मीटरवर आहे. छोट्या कारवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पण व्हॅनवाल्यांनी नीट बघा, कारण एकाच नावाची गाडी दोन्ही बाजूंना पडू शकते. मर्सिडीजची व्हिटो छोट्या बॉडीत ४.८९५ मीटर आहे आणि लांब बॉडीत ५.१४. फोक्सवागनची नवी मल्टीव्हॅन साधी ४.९७ आणि लांबवाली ५.१७. आपण मनात म्हणतो, सात सीटरच आहे, कारच ना, आणि कार टिक करून मोकळे होतो.

अंदाज करू नका, गाडीचे कागद काढा. जर्मन नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात रकाना १८ मध्ये लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, १९ मध्ये रुंदी, २० मध्ये उंची. मेख अशी आहे की हे आकडे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे आहेत. मागे सायकलचा स्टँड लावला की लांबी वाढते, वर छताची पेटी बसवली की उंची वाढते, आणि बोटवाल्यांना गाडी जशी रांगेत उभी आहे तशी मोजायची असते. माझ्या एका मित्राची गाडी कागदावर ४.८६ होती, मागे चार सायकली. धक्क्यावरच्या माणसाने टेप काढला, शांतपणे मोजलं आणि त्याला तिकीट बदलायला खिडकीवर पाठवलं. फरकाच्या पैशांचं एवढं काही नाही, पण तो खिडकीवर जाऊन येईपर्यंत बोट भरली आणि पुढच्या बोटीची वाट बघत सगळं कुटुंब उन्हात. चूक अर्थात त्याचीच. घरी सगळं सामान लादून झाल्यावर स्वतः टेप लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

अजून दोन गोष्टी इथेच सांगतो. आतल्या लाईनवर गाडीच्या तिकिटात ड्रायव्हर धरलेला नसतो, त्याचं माणसाचं तिकीट वेगळं. आणि लहान बाळ फुकट असलं तरी प्रवाशांत टाकायचंच. २० सागरी मैलांपेक्षा लांबच्या प्रवासात बोटीवरच्या प्रत्येक जीवाची नावानिशी नोंद ठेवावी लागते, युरोपचा तसा नियमच आहे, संकट आलं तर किती जण शोधायचे हे कळायला. त्यामुळे आमच्या बुकिंगमध्ये प्रवासी पाच, चार नाही.

केबिन की बर्थ

आधी हे क्लिअर करा की केबिनचा प्रश्न फक्त रात्रीच्या आंतरराष्ट्रीय बोटीवर येतो. ह्वारच्या दोन तासांच्या बोटीवर लोक वरच्या डेकवर बसून कॉफी पितात, तिथे केबिन शोधू नका.

अंकोनाच्या बोटीवर सगळ्यात स्वस्त म्हणजे डेक, याचा अर्थ तुम्ही बोटीवर असाल एवढीच हमी, झोपायची जागा तुमची तुम्ही बघा. अनुभवी पोरं स्लीपिंग बॅग घेऊन चढतात आणि पहिल्या दहा मिनिटांत कार्पेटवरचे कोपरे पकडतात. त्यावर मागे कलणारी सीट, रात्री एसीत कुडकुडायची तयारी ठेवून. आणि त्यावर बर्थ आणि केबिन, जिथे खरा गोंधळ होतो.

बर्थ म्हणजे एका केबिनमधला एक बिछाना. चार बर्थच्या केबिनमध्ये एक बर्थ घेतलात तर बाकी तिघं अनोळखी असतील, बाईमाणसांची आणि पुरुषांची वेगळी सोय करतात, म्हणजे नवरा-बायकोने एकेक बर्थ घेतला तर दोघं दोन केबिनमध्ये. एकत्र राहायचं असेल तर अख्खी केबिन निवडा किंवा तिच्यातले सगळे बर्थ भरा. स्क्रीनवर दाखवलेली किंमत माणशी आहे की अख्ख्या केबिनची हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक प्रवासी कमी करून बघा, बेरीज कशी बदलते त्यावरून लगेच कळतं.

आतली आणि बाहेरची केबिन यात फरक खिडकीचा. रात्री बाहेर काळोखच असतो, मी तरी त्यासाठी जास्त पैसे देणार नाही. ते पैसे संडास-शॉवर आत असलेल्या केबिनवर घाला, विशेषतः घरातलं मोठं माणूस सोबत असेल तर. रात्री दोन वाजता हलत्या बोटीत कॉरिडॉरभर चालत जाणं आईला जमलं नसतं. आम्ही शॉवरवाली, खिडकी नसलेली, चार बर्थची केबिन घेतली. खालचे दोन बर्थ आईला आणि धाकटीसकट बायकोला, वरचे मला आणि मुलाला, जो शिडीवरून दहा वेळा वर-खाली करूनच झोपला.

तिकीट झालं म्हणजे जागा झाली असं नाही

ह्वारसारख्या आतल्या गाड्यांच्या लाईनींवर वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की तिकीट त्या दिवसाचं असायचं, ठराविक बोटीचं नाही. स्क्रीनवर वेळ दिसली तरी गाडी रांगेतल्या नंबरानेच चढायची. पैसे भरण्याआधी तिकिटावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण कॅटामरानचं आणि अंकोनाच्या बोटीचं तसं नाही, तिथे तीच बोट. म्हणून सात वाजता स्प्लिटला उतरून साडेआठची बोट पकडू असा हिशोब जुलै-ऑगस्टच्या शनिवारी करू नका, उतरायलाच वेळ लागतो आणि मग रांगेत शेवटचे तुम्हीच. आम्ही पहिली बोट सरळ सोडून दिली, गाडी रांगेत लावली, आळीपाळीने जाऊन बुरेक खाल्लं आणि पुढच्या बोटीने गेलो.

आणि अंकोनाला गाडी बोटीत लावलीत की रात्रभर खालच्या डेकवर जाता येत नाही, दार बंद असतं. औषधं, डायपर, पासपोर्ट, चार्जर, आईचा शाल-स्वेटर हे सगळं एका वेगळ्या पिशवीत वर न्या, आमची दुधाची बाटली खालीच राहिली होती आणि धाकटीने ते अख्ख्या कॉरिडॉरला सांगितलं.