या चुका टाळा: द्राक्षाच्या वाणाची सरासरी काढू नका

दिंडोरीच्या द्राक्षबागांवर प्रोजेक्ट करणारी एक विद्यार्थिनी तिचा तक्ता घेऊन आली. वाणांना तिने कोड दिले होते: थॉम्पसन 1, सोनाका 2, शरद सीडलेस 3. खाली वाणाची सरासरी 1.8 आणि शेजारी हिस्टोग्राम. एक्सेलने तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी ते आकडेच होते.

मी तिला म्हटलं, "थॉम्पसनला 3 आणि शरदला 1 देऊन बघ." सरासरी 2.2 झाली, बागा मात्र होत्या तिथेच. कोड बदलल्यावर उत्तर बदलत असेल, तर तो आकडा म्हणजे नुसतं नाव, म्हणजेच नॉमिनल माप. इथे मोजणीच करायची आणि बारमध्ये फट ठेवून स्तंभालेख काढायचा. पाय चार्टही चालतो, पण प्रत्येक शेतकरी एकाच वाणात मोजला गेला असेल तरच. तिच्या यादीत बऱ्याच जणांकडे दोन-दोन वाण होते, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर गेली.

चवीचे शेरे (ठीक, चांगली, उत्तम) ऑर्डिनल, म्हणजे क्रम असलेली नावं. त्यांचे बार क्रमानेच लावा. सॉफ्टवेअर ते अकारविल्हे लावून मोकळं होतं.

तिसरी चूक थंडीची. निफाडचा पारा एका दिवशी 5 अंश, दुसऱ्या दिवशी 10, म्हणून तिने लिहिलं "दुप्पट तापमान". हेच फॅरनहाइटमध्ये 41 आणि 50 होतं, दुप्पट कुठे राहिली? सेल्सिअसचं शून्य माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून हे इंटरव्हल माप: फरक सांगा, पट सांगू नका. आठवड्याच्या तापमानाचा पाय चार्टही काढू नका, कारण सात दिवसांच्या अंशांची बेरीज कशाचीच नसते.

मण्याचा व्यास मात्र रेशो. शून्य मिलिमीटर म्हणजे खरंच काही नाही, आणि 18 ही 9 ची दुप्पटच. तिचे अकरा मणी असे होते: 14, 15, 15, 16, 16, 17, 17, 17, 18, 18, 24. एवढ्याशा मापांवर हिस्टोग्राम काढला तर वर्गांतर बदललं की चित्रच बदलतं. तो शंभरेक मण्यांसाठी ठेवा. इथे बॉक्स प्लॉट बरा. मध्यक सहावं माप, 17. खालच्या पाचांचा मध्यक 15, वरच्या पाचांचा 18; हे दोन चतुर्थक म्हणजे पेटीच्या कडा, म्हणून पेटी 3 ची. तिची दीडपट 4.5; ती 18 मध्ये मिळवली की सीमा 22.5. 24 त्या पलीकडे, म्हणून वेगळा ठिपका. (चतुर्थक काढायच्या पद्धती अनेक आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरची पेटी थोडी वेगळी दिसेल. 24 तिथेही बाहेरच राहतो.)

ठिपका दिसला म्हणून लगेच पुसू नका. आम्ही बागेतली वही उघडली. तिथे 14 होतं, तक्त्यात भरताना 24 झालं होतं.