टोकियोत एसी घेण्याआधी छतापर्यंत टेप लावा

पुण्यात आपण दुकानात जाऊन "बेडरूमला एक टन, हॉलला दीड टन" एवढं सांगून मोकळे होतो. टोकियोत टन कोणी बोलत नाही. इथे एसीची ताकद किलोवॅटमध्ये लिहितात (एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट) आणि खोली मोजतात 'जो'मध्ये, म्हणजे तातामी चटयांमध्ये. भाड्याच्या जाहिरातीत एक जो किमान 1.62 चौरस मीटर धरतात.

लेबलवर थंडाव्यासाठी दोन आकडे असतात. 2.8 किलोवॅटच्या एसीवर 8 ते 12 जो असं दिसेल. नवीन माणूस याचा अर्थ "आठपासून बारापर्यंत कुठलीही खोली चालेल" असा घेतो, आणि तिथेच फसतो. लहान आकडा लाकडी घरासाठी आहे, मोठा काँक्रीटच्या इमारतीसाठी. दुमजली 'आपातो' बहुधा लाकडी किंवा हलक्या पोलादी सांगाड्याचे असतात, तिथे लहान आकडाच धरा. काँक्रीटच्या 'मानशोन'मध्ये मोठा आकडा चालतो. मात्र सर्वांत वरचा मजला असेल तर गच्ची दिवसभर तापते, म्हणून मधला आकडा घ्या.

आता उंची. हे आकडे साधारण 2.4 मीटर उंचीचं छत धरून काढलेले असतात. माझं पहिलं घर लाकडी आपातोत वरच्या मजल्यावर होतं. खोली 8 जो, म्हणून मी 2.8 चा एसी घेतला. ऑगस्टमध्ये तो रात्री उशिरापर्यंत पूर्ण जोरात चालायचा आणि खोली 29 अंशांखाली येत नसे. मग छत मोजलं, तर 3 मीटर.

हिशोब सोपा आहे. 8 जो म्हणजे जवळपास 13 चौरस मीटर. त्याला 3 ने गुणलं की 39 घनमीटर. 2.4 ने भागलं की 16.25 चौरस मीटर, म्हणजे 10 जो. लाकडी घरातल्या 10 जोला 3.6 किलोवॅट लागतो. हा ढोबळ हिशोब आहे. उन्हाळ्यात गरम हवा वरच राहते, त्यामुळे उंचीचा त्रास थोडा कमी जाणवतो. हिवाळ्यात मात्र तीच गरम हवा डोक्यावर अडकते आणि पाय गारठतात. याच एसीने घर गरम करणार असाल तर लेबलवर हीटिंगसाठी दिलेला जोचा आकडा वेगळा पाहा, तो बहुधा लहान असतो.

पण म्हणून उगाच मोठा एसीही घेऊ नका. जूनच्या पावसाळ्यात, म्हणजे 'त्सुयु'मध्ये, मोठा एसी खोली झटक्यात थंड करून मंदावतो आणि दमटपणा तसाच राहतो. गादी ओलसर लागते, कपाटात बुरशी येते. शिवाय 4 किलोवॅटपासून पुढचे बरेच एसी 200 व्होल्टचे असतात. खोलीतला सॉकेट 100 व्होल्टचा असेल तर तो बदलायला घरमालकाची परवानगी आणि इलेक्ट्रिशियन दोन्ही लागतात. दुकानात जाताना त्या सॉकेटचा फोटो जवळ ठेवा.