दोघांची मिळून एक पत्रिका: मध्यबिंदूंवरून कंपोझिट कुंडली कशी काढावी

दोन पत्रिका समोर ठेवून त्यांचा एकमेकींशी मेळ बघणं आपल्याला नवीन नाही. गुणमेलन तेच करतं, फक्त चंद्राच्या नक्षत्र-राशीपुरतं. पाश्चात्त्य ज्योतिषातली सिनास्ट्री हेच काम सगळ्या ग्रहांसाठी करते: याचा सूर्य तिच्या चंद्राशी किती अंशांवर, तिचा मंगळ याच्या कोणत्या भावात पडतो. कंपोझिटमध्ये मात्र दोघांच्या पत्रिका बाजूला राहतात. प्रत्येक ग्रहाच्या दोन स्थानांचा मध्य काढून एक तिसरीच कुंडली तयार होते, आणि ती नात्याची म्हणून वाचतात. ही पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत रुळली. गणित शाळेतल्या सरासरीचं आहे, पण त्यात एक-दोन जागा फसव्या आहेत.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं घेऊ: चार्ल्स (१४ नोव्हेंबर १९४८, रात्री ९.१४, लंडन) आणि डायना (१ जुलै १९६१, संध्याकाळी ७.४५, सँडरिंगहॅम). डायनाच्या वेळेबद्दल वाद झालेले आहेत; इथे प्रचलित वेळ घेतली आहे. ग्रह सायन आहेत.

आधी अंश सलग करून घ्या

राशी आणि अंश असे वेगळे ठेवले तर मध्य काढता येत नाही. म्हणून मेषेच्या सुरुवातीपासून मोजा: मेष ०, वृषभ ३०, मिथुन ६०, असं करत मीन ३३०. चार्ल्सचा सूर्य वृश्चिकेत २२ अंश २५ कला. वृश्चिक सुरू होते २१० वर, म्हणजे सूर्य २३२ अंश २५ कला. डायनाचा सूर्य कर्केत ९ अंश ४० कला, म्हणजे ९९ अंश ४० कला.

बेरीज ३३२ अंश ५ कला, निम्मे १६६ अंश २ कला. कन्या १५० वर सुरू होते, म्हणून कंपोझिट सूर्य कन्येत १६ अंश २ कला. एका अंशात ६० कला असतात हे बेरीज करताना विसरू नका. कॅल्क्युलेटरवर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मग अंतर तपासा

वर्तुळावरच्या कोणत्याही दोन बिंदूंना मध्यबिंदू दोन असतात, समोरासमोर. आपल्याला जवळच्या कमानीवरचा हवा असतो. त्यामुळे प्रत्येक ग्रहाच्या वेळी मोठ्या आकड्यातून लहान वजा करून बघायचं. उत्तर १८० पेक्षा कमी आलं तर सरासरी तशीच घ्या. जास्त आलं तर सरासरीत १८० मिळवा, आणि बेरीज ३६० च्या वर गेली तर त्यातून ३६० वजा करा.

या जोडप्याचा चंद्र हा दुसऱ्या प्रकारातला आहे. चार्ल्सचा चंद्र वृषभेत ० अंश २५ कला, म्हणजे ३० अंश २५ कला. डायनाचा कुंभेत २५ अंश २ कला, म्हणजे ३२५ अंश २ कला. अंतर २९४ च्या वर. नुसती सरासरी १७७ अंश ४३ कला येते, म्हणजे कन्येचा शेवट. पण कुंभ आणि वृषभ यांच्या मधोमध कन्या कशी असेल? १८० मिळवले की ३५७ अंश ४३ कला, मीनेत २७ अंश ४३ कला. उत्तर आलं की असं एकदा डोळ्यांनी चक्रावर बघून घ्यावं. चूक लगेच दिसते.

बाकीचे ग्रह असेच काढत जा. पुढे लागणार आहेत म्हणून दोन देतो. मंगळ चार्ल्सचा धनूत २० अंश ५७ कला, डायनाचा कन्येत १ अंश ३९ कला. मध्य तुळेत २६ अंश १८ कला. हर्षल चार्ल्सचा मिथुनेत २९ अंश ५५ कला, डायनाचा सिंहेत २३ अंश २० कला. मध्य कर्केत २६ अंश ३७ कला.

तुमच्याकडे पंचांगावरून केलेल्या निरयन पत्रिका असतील तरी हरकत नाही. दोन्ही निरयन हव्यात आणि दोन्हींचा अयनांश एकाच पद्धतीचा हवा, एवढीच अट. सगळे मध्यबिंदू सुमारे २३ अंश मागे सरकतील, वरचा कन्येचा सूर्य सिंहेत जाईल, पण ग्रहांची आपसातली अंतरं तीच राहतील. एक पत्रिका सायन आणि दुसरी निरयन घेतली, तर मात्र प्रत्येक मध्यबिंदू अर्ध्या अयनांशाने चुकतो आणि ही चूक चक्राकडे बघून कळत नाही.

लग्न आणि दशम: इथे थांबा

लग्नाचाही मध्य काढता येतो. चार्ल्सचं लग्न सिंह ५ अंश २४ कला, डायनाचं धनू १८ अंश २४ कला, मध्य तुळेत ११ अंश ५४ कला. आता दशमबिंदू घ्या: त्याचा मेषेत सुमारे १३ अंश, तिचा तुळेत सुमारे २३. अंतर १९० च्या आसपास, म्हणून १८० मिळवायचे, आणि उत्तर येतं मकरेत १८ च्या जवळपास. तूळ लग्नाला दशम कर्केत असायला हवं. इथे ते मकरेत, म्हणजे चतुर्थाच्या जागी जाऊन बसलं. खऱ्या आकाशात हे होऊ शकत नाही.

यावर ज्योतिषी दोन मार्ग घेतात. एक गट प्रत्येक भावारंभाचा वेगळा मध्य काढतो, आणि असं उलटलं की दशमाची बाजू बदलून घेतो. दुसरा गट फक्त दशमाचा मध्य काढतो आणि जोडपं जिथे राहतं तिथल्या अक्षांशावरून लग्न नव्याने काढतो. लंडनचं अक्षांश घेतलं तर मकरेच्या या दशमावरून वृषभ लग्न येतं. त्याच दोन माणसांचं, एका पद्धतीने तूळ आणि दुसऱ्या पद्धतीने वृषभ! सॉफ्टवेअर यातली एक पद्धत गुपचूप निवडून मोकळं होतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती कोणती ते बघा. माझं मत सांगायचं तर असं उलटलेलं दशम दिसलं की त्या कुंडलीतले भाव वाचूच नयेत, फक्त ग्रहांचे योग वाचावेत.

असाच एक प्रकार बुध-शुक्रांचा. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४८ अंशांपर्यंत जातो. पण समजा एकाचा सूर्य १० अंशांवर, दुसऱ्याचा १८५ वर. मध्य ९७ अंश ३० कला. शुक्र ३५० आणि २०० वर. जवळचा मध्य २७५. म्हणजे कंपोझिटमध्ये शुक्र सूर्याच्या जवळजवळ समोर. दोघांचे ग्रह चक्रात समोरासमोर असले की हे घडतं. काही जण अशा वेळी शुक्राचा पलीकडचा मध्य घेतात, काही जण तसाच ठेवतात. निदान त्याचा फार मोठा अर्थ लावायला जाऊ नका. तो कमान निवडण्यातून आलेला आहे.

आता वाचायला घ्या

कंपोझिटमध्ये योगांचे दीप्तांश कमी ठेवावेत. मी पाचच्या वर जात नाही. चार्ल्स-डायनाच्या कंपोझिटमध्ये सूर्य आणि चंद्र समोरासमोर वाटतात, पण पूर्ण प्रतियोगापासून ते साडेअकरा अंशांहून जास्त दूर आहेत, म्हणून तो योग मी धरत नाही. मंगळ आणि हर्षल मात्र बघा: तूळ २६.१८ आणि कर्क २६.३७. केंद्रयोग, अवघ्या १९ कलांच्या फरकाने. अचानक भडकणं, मोकळं होण्याची ओढ, अनपेक्षित तुटणं, असं ज्योतिषी याचं वर्णन करतात.

हा योग आला कुठून? चार्ल्सच्या पत्रिकेत मंगळ-हर्षल १७१ अंशांवर आहेत, म्हणजे ढिला प्रतियोग. डायनाच्या पत्रिकेत साधारण ८ अंशांवर, ढिली युती. केंद्रयोग कोणाकडेच नाही. १७१ आणि ८ ची सरासरी ९० च्या अगदी जवळ येते, एवढंच. कंपोझिटमधला प्रत्येक योग अशा सरासरीतून जन्मतो. म्हणून दोघांपैकी कोणाच्याही स्वभावात नसलेली गोष्ट तिथे दिसू शकते. दोन शांत माणसं एकत्र आली की घर धुमसतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही कल्पना का पटते ते इथे समजतं.

पण सरासरी बरंच काही पुसूनही टाकते. एकाचा सूर्य १० अंशांवर आणि दुसऱ्याचा ५० वर असला तरी मध्य ३०, आणि २० व ४० असले तरी ३०च. आकडा बघून मागची माणसं ओळखता येत नाहीत, आणि कोणाचं काय हेही कळत नाही. ते सांगते सिनास्ट्री. डायनाचा शुक्र वृषभेत २४ अंश २४ कला, चार्ल्सच्या सूर्यासमोर दोन अंशांच्या फरकाने. तिचा चंद्र त्याच्या सूर्याशी केंद्रात, अडीच अंशांच्या थोड्या वर. इथे ओढ तिच्या शुक्राची आहे, दुखणं तिच्या चंद्राचं आहे, आणि दोन्ही त्याच्या सूर्याशी. कंपोझिटमध्ये शुक्र येतो सिंहेत ५ अंशांवर, आणि त्यात यातलं काहीच उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी दोन्ही जन्मपत्रिका, मग सिनास्ट्री, शेवटी कंपोझिट. दोघांमध्ये कोण कोणाला काय जाणवून देतं हा प्रश्न असेल तर सिनास्ट्रीवर थांबलात तरी चालेल. एकत्र संसार किंवा धंदा सुरू झाला आणि त्या जोडीचंच पुढे काय, असं विचारलं जातंय, तर कंपोझिट काढा. गोचर ग्रहही त्याच्यावरून फिरवून बघतात.

जन्मवेळेचं म्हणाल तर लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातं. एकाच्या वेळेत आठ मिनिटांची चूक असेल तर त्याचं लग्न दोन अंश आणि कंपोझिटचं एक अंश चुकतं. चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश चालतो, कंपोझिटमध्ये त्याची चूक पाव अंशाची. वेळच माहीत नसेल तर दुपारी बाराची धरून काढा, लग्न आणि भाव सोडून द्या, आणि चंद्राला तीनेक अंश इकडे-तिकडे मोकळीक ठेवा.

आणखी एक गल्लत टाळा. सॉफ्टवेअरमध्ये कंपोझिटच्या शेजारीच ‘डेव्हिसन’ नावाचा पर्याय असतो. तो ग्रहांचा मध्य काढत नाही. दोन जन्मांमधल्या काळाचा आणि ठिकाणांचा मध्य काढतो. या जोडप्याचा तो क्षण ९ मार्च १९५५ ला येतो आणि त्या दिवशी सूर्य मीनेत होता, कन्येत नाही. छापलेल्या चक्रावर एखादी तारीख दिसली तर समजा तुमच्या हातात कंपोझिट नाही. मध्यबिंदूंच्या कुंडलीला तारीखच नसते, कारण तसं आकाश कधी कोणी पाहिलेलं नाही.