घुमणाऱ्या सभागृहासाठी ध्वनिमुद्रित निवेदनांची तयारी

निवेदनाचा मजकूर लिहिण्यापूर्वी सभागृह मोजून घ्यावे. वाशीजवळच्या ज्या सभागृहासाठी आम्ही निवेदने तयार केली, ते 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच होते. खाली गुळगुळीत फरशी, वर काँक्रीट आणि भिंतींना काचा. घनफळ 18,000 घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून 5,400 चौरस मीटर आणि त्यांचे सरासरी शोषण 10 टक्के धरले, तर सॅबिनच्या सूत्राने (घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण) आवाज 60 डेसिबलने विरायला सुमारे 5.4 सेकंद लागतात. हा अंदाज खरा आहे का, हे रिकाम्या सभागृहात फुगा फोडून आणि त्याचा आवाज मुद्रित करून पाहावे. सुरुवातीच्या 20 डेसिबलच्या घसरणीला जितका वेळ लागेल, त्याची तिप्पट आपल्या आकड्याच्या जवळपास यायला हवी.

या आकड्याचा व्यवहारातला अर्थ असा, की आवाज सेकंदाला जेमतेम 11 डेसिबलने उतरतो. मोठ्या स्वराचे शेपूट हवेत असतानाच पुढचा शब्द उच्चारला, तर त्यातले क, त, ठ, प यांसारखे दुबळे व्यंजन त्याखाली बुडते. म्हणून गती कमी करायची ती शब्द ताणून नव्हे, तर शब्दसमूहांच्या मध्ये थांबून. ‘साऽऽत’ असे लांबवल्याने स्वराची ऊर्जा वाढते आणि घुमणेही वाढते. संगणकावर मुद्रण ताणून संथ केले तरी हाच दोष येतो, तेव्हा पुन्हा मुद्रण करणेच योग्य. शब्द नेहमीच्या लांबीचा आणि शेवटचे अक्षर न गिळता म्हणावा, आणि प्रत्येक समूहानंतर पाऊण ते एक सेकंद पूर्ण शांतता ठेवावी. एवढ्या वेळात मागचे शेपूट आठ ते अकरा डेसिबल खाली जाते, आणि तेवढ्याने पुढच्या व्यंजनाला पुष्कळ वाव मिळतो.

मजकूर याच हिशेबाने लिहावा. आमच्याकडे आलेले वाक्य असे होते: ‘सर्व अभ्यागतांना कळविण्यात येते की टोकन क्रमांक एकोणसाठ धारण करणाऱ्यांनी दार क्रमांक सात येथे उपस्थित राहावे.’ यात ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे शब्द मोजून चार-पाच, आणि तेच सर्वाधिक धोक्यात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची सुरुवात एकच असून फरक शेवटी आहे. सात आणि साठ यांत तर एकाच व्यंजनाचा फरक आहे. त्याऐवजी असे मुद्रित केले: ‘लक्ष द्या. टोकन एकोणसाठ. पाच, नऊ. दार सात. पुन्हा सांगतो. टोकन पाच, नऊ. दार सात.’ आकडा एकदा नेहमीच्या नावाने आणि दोनदा सुट्या अंकांनी येतो, त्यामुळे एक उच्चार निसटला तरी दुसरा सावरतो. ‘लक्ष द्या’ हे शब्द घुमण्यात हरवले तरी चालतात, कारण त्यांचे काम फक्त कान वळवण्याचे आहे.

मुद्रण गाद्या-पडद्यांच्या शांत खोलीत करावे; मुद्रणात आधीच घुमणे असेल तर सभागृहात त्यावर दुसरे घुमणे चढते आणि ते नंतर काढता येत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर ठेवावा, कारण एकदिशा मायक्रोफोन अगदी जवळ धरला की खर्जाचा भाग फुगतो. काँक्रीट खर्ज फारच कमी शोषते, त्यामुळे तो सर्वांत जास्त वेळ घुमतो आणि वरच्या व्यंजनांना झाकतो. म्हणून 150 ते 200 हर्ट्झच्या खालचा भाग छाटावा, 200 ते 500 हर्ट्झमध्ये तीन-चार डेसिबल उतरवावेत आणि 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीनच डेसिबल चढवावेत. खोलीत हा आवाज पातळ व काहीसा रुक्ष वाटेल, तो वाटू द्यावा. स आणि श कानाला टोचू लागले तर मात्र चढवलेला भाग कमी करावा.

आवाजाची पातळी वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण शब्दाबरोबर घुमणेही तितकेच वाढते. तसेच स्पीकरपासून फार दूरच्या कोपऱ्यात मुद्रण कितीही नेटके असले तरी मर्यादा राहते आणि तेथे जवळचा वेगळा स्पीकर लागतो.

शेवटची चाचणी मजकूर न वाचलेल्या माणसावर करावी. सभागृह रिकामे असताना, पंखे आणि वातानुकूलन चालू ठेवून, त्याला सर्वांत दूरच्या कोपऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन उभे करावे आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, सात, साठ अशा फसव्या आकड्यांची दहा निवेदने उलटसुलट क्रमाने ऐकवून त्याने लिहिलेले तपासावे. जो आकडा तो दोनदा चुकेल, त्याच्या आधीची शांतता पाव सेकंदाने वाढवून तेवढेच निवेदन पुन्हा ऐकवावे.