घराबद्दल बोलायला उभे राहाल तेव्हा नाव नको, तारीख मागा

कौटुंबिक मेळाव्यात वडिलोपार्जित घराचा विषय काढायचा तर तीन-चार मिनिटांत आटपा, आणि घर कोणाकडे जावं हे मात्र बोलू नका. एकदा नाव निघालं की पुढचं कुणी ऐकत नाही. मागायचं एवढंच: जे ठरेल ते लेखी ठरावं, आणि त्यासाठी बसायची तारीख आजच पक्की व्हावी.

‘घर कोणाकडे’ यात मालकी, राहणं, खर्च आणि विक्री असे चार प्रश्न अडकलेले असतात. ते सुटे करून मांडा. समजा तीन भावंडं आहेत. धाकटा आईसोबत तिथेच राहतो, छप्परही त्यानेच बदललंय. (घर आईच्या नावावर असेल तर आधी तिचं म्हणणं, हे उघड आहे.) घर धाकट्याने ठेवायचं तर किंमत कोण ठरवणार, छपराचा खर्च त्यातून वजा होणार का, आईचा राहण्याचा हक्क कसा राखणार, बाकी दोघांना पैसे किती हप्त्यांत मिळणार आणि हप्ता थकला तर काय, हे सगळं कागदावर हवं. शेवटचं कलम लिहायला संकोच वाटतो, म्हणून तेच राहून जातं.

सह्या तिथल्या तिथे घेऊ नका. ‘भिडेपोटी सही केली’ असं नंतर ऐकावं लागतं. मसुदा न आलेल्यांनाही पाठवा, मग वकिलाला दाखवा. नुसत्या घरगुती कागदावर मालकी बदलली असं धरून चालू नका.