घरच्या खाद्यव्यवसायाचं एकपानी ब्रँड गाइड : या चुका टाळा

निवृत्तीनंतर एकट्यानं घरून खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांची लेबलं मी बरीच वर्षं करतो आहे. ब्रँड गाइड म्हणजे आपलं नाव, रंग, अक्षर आणि लोगो नेमके कसे वापरायचे हे लिहिलेलं पान. ‘आमचं ब्रँड गाइड’ म्हणून माझ्या हातात जे येतं, त्याचे दोनच प्रकार असतात. एक म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या चाळीस पानांवरून उतरवलेलं ‘आमचं ध्येय, आमची मूल्यं, आमचा स्वर’. दुसरा प्रकार म्हणजे कोरा कागद आणि ‘सगळं माझ्या डोक्यात आहे’ हे वाक्य.

दोन्हींचं मूळ एकच. हे पान कोणी वाचायचं, हे ठरवलेलंच नसतं. धंदा एकट्याचा असला तरी पान दुसऱ्यांसाठीच असतं. ते छपाईवाला वाचणार, पोस्ट बनवून देणारी भाची वाचणार, तुम्ही आजारी पडलात तर बरण्यांवर लेबलं चिकटवायला येणारी शेजारीण वाचणार आणि आठ महिन्यांनी सगळं विसरलेले तुम्ही स्वतः वाचणार. यांतल्या कोणालाही ‘आमचा ब्रँड उबदार आणि विश्वासू आहे’ या वाक्याचा उपयोग नाही. त्यांना रंग कोणता, अक्षर कोणतं, नाव नेमकं कसं लिहायचं आणि फाइल कुठे आहे, एवढंच हवं असतं. म्हणून गाइडचा मसुदा हातात आला की मी त्यातली विशेषणं पेन्सिलीनं खोडतो. उरेल तेवढंच कामाचं.

रंगाचं फक्त नाव लिहिणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती उघडकीस येईपर्यंत माल बाजारात गेलेला असतो.

एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण सांगतो. त्या जॅम आणि बिस्किटं करायच्या. पहिली दोनशे लेबलं छान गडद हिरवी छापून आली. त्यांच्या पानावर रंगापुढे ‘गडद हिरवा’ एवढंच लिहिलेलं होतं. मूळ फाइल ज्या मुलानं केली, तो पुढे दुसरीकडे गेला आणि फाइलही त्याच्याबरोबर गेली. लेबलं संपल्यावर काकूंनी बरणीचा मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या छपाईवाल्याला चॅटवर पाठवला. फोटो दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेला होता. त्यानं फोटोतला रंग उचलला, अक्षरं अंदाजानं जवळपासच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केली आणि छापून दिलं. हिरवा शेवाळी झाला. तिसरी खेप निघाली ती या दुसऱ्या लेबलाच्या फोटोवरून. या वेळी कागद साधा, कोटिंग नसलेला होता. अशा कागदात शाई मुरते आणि रंग मंद दिसतो, त्यामुळे शेवाळीचा करडा झाला.

एका घरगुती विक्रीच्या टेबलावर तिन्ही खेपांच्या बरण्या शेजारी शेजारी आल्या. नेहमीच्या एका ग्राहकानं विचारलं, “काकू, यातली तुमची कुठली? बाकीच्या कोणी नक्कल केल्यात का?” काकू त्या दिवशी सगळा माल घरी घेऊन आल्या. त्यांचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. जॅममध्ये काहीच चुकलेलं नव्हतं.

आम्ही दुरुस्ती अशी केली. पहिल्या खेपेची शिल्लक राहिलेली एक बरणी दिवसाच्या उजेडात समोर ठेवली. पडद्यावर तिच्याशी जुळता हिरवा ठरवला आणि त्याचा कोड पानावर लिहिला : `#1F5C3A`. हा कोड पडद्यापुरता. छपाईत रंग चार शायांच्या मिश्रणातून बनतो, त्यामुळे पडद्यावरचा कोड जसाच्या तसा कागदावर उतरत नाही. म्हणून नेहमीच्या छपाईवाल्याकडून त्याच हिरव्याच्या थोड्या थोड्या फरकाच्या सहा पट्ट्या, ज्या कागदावर लेबल छापायचं त्याच कागदावर काढून घेतल्या. बरणीशी सगळ्यात जुळणारी पट्टी निवडली, तिच्या चार शायांचे आकडे आणि कागदाचं नाव तिच्याखाली लिहिलं आणि पट्टी पानावर चिकटवली. कागद बदलला तर पट्टी पुन्हा काढायची, हेही तिथेच लिहिलं.

ही चिकटवलेली पट्टी मी अजून सोडलेली नाही. कोड हवाच, पण छपाईवाल्याशी वाद झाला की निकाल पट्टी देते. ‘कोड आहे ना, मग पट्टी कशाला?’ असं विचारणारे घाईचे लोक दोन खेपांनंतर परत येतात. पट्टी फाइलमध्ये बंद ठेवा. उन्हात राहिली तर तीच फिकी पडेल.

रंग दोनच घ्या. तिसरा काळा. एकट्या माणसाला पाच रंग सांभाळता येत नाहीत.

मूळ फाइल हरवणं

लोगोची मूळ फाइल `.svg` किंवा `.pdf` अशी, रेषांच्या स्वरूपातली हवी, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा धूसर होत नाहीत. अक्षरांचं रूपांतर आकारांत करून घेतलेली एक प्रत वेगळी ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरं बदलतात. देवनागरीत तर जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली दिसतात. फाइल चॅटवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती आकसते. पानावर एक ओळ अशी हवीच : मूळ फाइल कुठे आहे आणि दुसरी प्रत कोणाकडे आहे.

लोगो पडद्यावर पाहून पसंत करणं

पडद्यावर लोगो तळहाताएवढा दिसतो. बरणीच्या झाकणावर त्याला अडीच सेंटिमीटर जागा मिळते. तिथे बारीक वेलबुट्टी, हातानं काढलेलं चमच्याचं चित्र आणि खाली तिरक्या अक्षरांतली ओळ या सगळ्याचा मिळून एक डाग होतो. देवनागरीत हे जास्त जाणवतं, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांनाही जागा लागते. रोमन लिपीत जो आकार वाचता येतो, त्याच आकारात आपली अक्षरं चिकटतात. आठ पॉइंटच्या खाली मी देवनागरी जाऊ देत नाही. गडद रंगावर पांढरी अक्षरं असली तर त्याहून मोठी आणि जाड घेतो, कारण छापताना भोवतालची शाई थोडी पसरते आणि बारीक रेघा बुजतात.

माझी कसोटी साधी आहे. लोगो खऱ्या मापात कागदावर छापायचा, कापून झाकणावर ठेवायचा, हात पूर्ण लांब करायचा आणि चष्मा काढून पाहायचा. नाव वाचता आलं नाही तर लोगो परत करायचा. मग त्याची काळीपांढरी झेरॉक्स काढायची. तिच्यात पार्श्वभूमी आणि अक्षरं एकमेकांत मिसळली तर रंगांत पुरेसा फरक नाही. ज्या लहानात लहान मापात नाव वाचता आलं, ते माप पानावर लिहायचं : ‘लोगो 22 मिलिमीटरपेक्षा लहान छापू नये. त्याहून लहान जागेत फक्त नाव.’

बदलणाऱ्या गोष्टी लेबलाच्या तोंडावर छापणं

तयार केल्याची तारीख, वापरायची मुदत, वजन, घटक आणि फोन नंबर मुख्य लेबलावर छापून हजार प्रती काढल्या आणि मग कृती थोडी बदलली, की हजार प्रती रद्दी होतात. समोरचं लेबल कायमचं ठेवा आणि बदलणारं सगळं मागच्या छोट्या स्टिकरवर घ्या. किंमत ब्रँड गाइडमध्ये तर नकोच. लेबलावर काय काय लिहिणं सक्तीचं आहे हे तुमच्या भागातल्या खाद्यनियमांवरून ठरतं. ते आधी पाहून मागच्या स्टिकरचं माप ठरवा, नंतर नाही.

एक गोष्ट नेहमी राहून जाते. मागचं स्टिकर घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलं आणि बरणी फ्रिजमधून बाहेर आली, की बाष्पानं बऱ्याचदा शाई ओघळते आणि घटकांची यादी वाचता येत नाही. लेझर प्रिंटरची छपाई पाण्याला जास्त टिकते. साध्या थर्मल स्टिकरवरची अक्षरं उष्णतेनं आणि उजेडानं उडतात. फ्रिजमध्ये राहणाऱ्या मालाला मी कागदाऐवजी प्लॅस्टिक फिल्मचं स्टिकर देतो. एक नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी बाहेर काढायचा आणि ओल्या बोटानं चोळायचा. अक्षर हललं नाही तरच ते साहित्य पानावर लिहायचं.

नाव तीन प्रकारे लिहिणं

लेबलावर एक, बिलावर दुसरं, पोस्टवर तिसरं. देवनागरी आणि रोमन स्पेलिंग दोन्ही एकदा ठरवा, मधली जागा आणि जोडरेघेसकट.

‘घरगुती, शुद्ध, आरोग्यदायी’

पहिला शब्द चालेल. दुसरा सिद्ध करता येणार नाही. तिसऱ्यानं तुम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडाल, कारण आरोग्याच्या दाव्यांना बहुतेक ठिकाणी नियम असतात. त्याऐवजी खरी माहिती लिहा : ‘स्ट्रॉबेरी, साखर, लिंबाचा रस. दुसरं काही नाही.’ अर्थात दुसरं खरोखर काही नसेल तरच.

न झेपणारं वचन देणं

नव्या लोकांना हे ब्रँड गाइडमध्ये येतं असं वाटतच नाही. पण एकट्या माणसाच्या धंद्यात ग्राहकाला ब्रँड म्हणजे दिलेला शब्द पाळला गेला की नाही, एवढंच दिसतं. सुरुवातीच्या उत्साहात ‘मागणी नोंदवा, उद्या घ्या’ लिहिलं जातं. मग गुडघा दुखतो, नातवाला ताप येतो, ओव्हन बंद पडतो, आणि दर वेळी ग्राहकाला वेगळ्या शब्दांत, वेगळ्या सुरात माफी जाते. त्या शिक्षिका आठवड्यात आरामात तीस बरण्या करायच्या आणि ताणून चाळीस. आम्ही पानावर तीसच लिहिलं. त्याखाली तीन वाक्यं तयार ठेवली :

‘या आठवड्याच्या बरण्या संपल्या. पुढची खेप सोमवारी, नाव नोंदवू का?’

‘तब्येतीमुळे या आठवड्यात काम बंद आहे. दिलेले पैसे हवे तर परत करते, हवे तर पुढच्या खेपेत धरते.’

‘बरणी परत आणून दाखवा, बदलून देते.’

आजारी असताना ही वाक्यं भाची पाठवू शकते आणि ती काकूंचीच वाटतात. ब्रँडच्या स्वराबद्दल एवढंच लिहिणं पुरतं.

पान कोणालाही न दाखवता संपवणं

पान झालं की मी ते धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात देतो आणि सांगतो, हे घेऊन पन्नास लेबलं छापून आण, आम्हाला फोन करायचा नाही. प्रश्न पडले तर पानाच्या मागे लिहून ठेव. काकूंच्या वेळी हे काम शेजारच्या मुलानं केलं. मागे दोन प्रश्न होते : ‘कडा गोल की चौकोनी?’ आणि ‘बिस्किटांच्या डब्यालाही हेच लेबल?’ पहिल्याचं उत्तर आम्ही लगेच पानावर घातलं. दुसऱ्याचं उत्तर काकूंनाही माहीत नव्हतं. डब्याचं माप घेऊन लेबल नव्यानं बसवावं लागलं, तेव्हा कुठे पानाखाली तारीख टाकली.