कार्यशाळेनंतरचे पत्र: तीन गटांना तीन मजकूर

कार्यशाळा संपल्यावर उपस्थित, नोंदणी करूनही न आलेले आणि प्रतीक्षा यादीतले अशा तिघांना वेगवेगळे पत्र पाठवायचे असेल, तर तीन स्वतंत्र याद्या करू नयेत. एकाच तक्त्यात ‘स्थिती’ हा रकाना ठेवावा, म्हणजे एकच व्यक्ती दोन गटांत जाणार नाही. गुगल शीट्समध्ये A रकान्यात ईमेल, B मध्ये नोंदणीचा प्रकार आणि ‘हजेरी’ नावाच्या पानावर प्रत्यक्ष आलेल्यांचे ईमेल असतील, तर पुढील सूत्र पुरते:

```
=IF(COUNTIF('हजेरी'!A:A,A2)>0,"उपस्थित",
 IF(B2="प्रतीक्षा","प्रतीक्षा","अनुपस्थित"))
```

येथे हजेरीची तपासणी आधी होते हे महत्त्वाचे, कारण प्रतीक्षा यादीतल्या ज्याला ऐनवेळी जागा मिळाली, तो ‘उपस्थित’ ठरला पाहिजे.

खरी अडचण ईमेलची असते. नोंदणी कार्यालयीन पत्त्याने आणि ऑनलाइन प्रवेश खासगी पत्त्याने झाला, तर पडद्यासमोर बसून ऐकणारा माणूस ‘अनुपस्थित’ दिसतो. पत्त्यापुढे राहिलेल्या रिकाम्या जागेनेही तसेच होते. म्हणून हजेरीतले जे पत्ते नोंदणीत सापडत नाहीत, ते नावावरून हाताने जुळवावेत.

उपस्थितांना टिपणे आणि अभिप्रायाचा अर्ज पाठवावा. प्रतीक्षा यादीतल्यांना पुढच्या तुकडीची नोंदणी सर्वांआधी खुली करावी. अनुपस्थितांना मात्र ‘आपण आला नाहीत’ असे लिहू नये. ‘भेट झाली नसल्यास ध्वनिचित्रमुद्रण येथे आहे’ हे वाक्य चुकून उपस्थिताला गेले तरी खटकत नाही.